स्वस्त क्रिएटिनचा डबा : अस्सल की बनावट?

नामांकित कंपनीचा पाव किलो क्रिएटिनचा डबा तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ९०० रुपयांना आणि ऑनलाइन बाजारपेठेत तोच डबा, तेच नाव व तेच छायाचित्र असूनही ३४९ रुपयांना मिळत असेल, तर ग्राहकाला ती पर्वणी वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, या दोन किमतींमधील तफावत केवळ सवलतीने भरून निघते का, याचा विचार क्वचितच केला जातो. व्यायामशाळेत जाणाऱ्यांमध्ये लोकप्रिय झालेली ही पावडर बनावट मालाच्या व्यापाऱ्यांना विशेष सोयीची आहे. त्यामागील कारणे समजून घेतल्यास डबा मागवण्यापूर्वीच आणि तो हाती आल्यावरही धोक्याच्या बऱ्याच खुणा ओळखता येतात.

नक्कल सोपी का?

क्रिएटिन हे औषध नव्हे आणि उत्तेजकही नव्हे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल यांनी १८३२ मध्ये ते मांसापासून वेगळे केले. मानवी शरीर ते स्वतः थोड्या प्रमाणात तयार करते, मांस व मासे यांतूनही ते मिळते आणि त्याचा सुमारे ९५ टक्के साठा स्नायूंमध्ये असतो. थोड्या वेळात जोर लावण्याच्या व्यायामात, उदाहरणार्थ वजने उचलताना, स्नायूंना तातडीची ऊर्जा पुरवण्याचे काम तो साठा करतो. बाजारात विकले जाणारे क्रिएटिन मोनोहायड्रेट मात्र मांसापासून काढलेले नसते. ते रासायनिक प्रक्रियेने कारखान्यात तयार होते.

नक्कल करणाऱ्याच्या दृष्टीने या पदार्थाचे तीन गुण महत्त्वाचे ठरतात. पहिला म्हणजे त्याचे रूप. क्रिएटिन ही पांढरी, गंधहीन आणि जवळजवळ बेचव अशी पूड असते. मक्याच्या स्टार्चपासून बनवलेले माल्टोडेक्स्ट्रिन, द्राक्षशर्करा किंवा साधे पीठ डब्यात भरले, तरी वरवर पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही. 

दुसरा गुण म्हणजे परिणामाचा संथ वेग. दररोज ३ ग्रॅम क्रिएटिन घेतल्यास स्नायूंतील साठा पूर्ण भरण्यास सुमारे २८ दिवस लागतात, असे हल्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९६ मधील अभ्यासात आढळले होते. महिनाभर नियमित व्यायाम करणाऱ्याची ताकद एरवीही थोडीफार वाढतेच. त्यामुळे डब्यात पीठ असले, तरी वाढलेल्या ताकदीचे श्रेय डब्यालाच मिळते. उलट काही व्यक्तींना अस्सल क्रिएटिननेही विशेष फरक पडत नाही. सारांश, ‘मला उपयोग झाला’ किंवा ‘झाला नाही’ हा अनुभव पावडर अस्सल आहे की नाही याचा पुरावा ठरत नाही. ऑनलाइन बाजारपेठेतील शेकडो पंचतारांकित अभिप्रायांची किंमतही याच कारणाने मर्यादित आहे. ते अभिप्राय प्रामाणिक असले, तरी लिहिणाऱ्याला आत काय होते हे ठाऊक नसते.

तिसरा गुण म्हणजे मागणी. एकदा सुरू केलेली ही पावडर महिनोन् महिने घेतली जाते. मोठ्या नावाचा डबा ग्राहक पुन्हा पुन्हा मागवतो आणि प्रत्येक वेळी थोडा अधिक स्वस्त विक्रेता शोधतो.

बनावट डबा गोदामात कसा पोहोचतो?

ऑनलाइन बाजारपेठ ही बहुतेक वेळा स्वतः दुकानदार नसते. तिच्या एकाच पानावर, एकाच छायाचित्राखाली अनेक विक्रेते तोच माल विकत असतात. ग्राहकाला वस्तू एकच दिसते. परंतु ‘खरेदी करा’ या बटणामागे कोणता विक्रेता उभा आहे हे किंमत, घरपोच सेवेचा वेग आदी गोष्टींवर ठरते. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याने उभारलेल्या आणि चांगले अभिप्राय जमवलेल्या पानावर एखादा अनोळखी विक्रेता कमी किमतीने शिरतो आणि पुढील ऑर्डर त्याच्याकडे वळतात. अभिप्राय एकाच्या मालाचे आणि डबा दुसऱ्याचा, अशी स्थिती निर्माण होते.

गोदामातही घोटाळा होऊ शकतो. एकच बारकोड असलेला, पण वेगवेगळ्या विक्रेत्यांनी पाठवलेला माल एकत्र ठेवण्याची पद्धत काही मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांच्या गोदामांत अनेक वर्षे रूढ होती. अशा व्यवस्थेत प्रामाणिक विक्रेत्याकडे नोंदवलेल्या मागणीतही दुसऱ्याचा बनावट डबा जाऊ शकतो. याखेरीज परत आलेल्या मालाचा प्रश्न आहे. कोणी अस्सल डबा ठेवून घेऊन त्याच्या जागी बनावट डबा परत पाठवला आणि तो तपासणीविना पुन्हा विक्रीस गेला, तर पुढील ग्राहक फसतो.

बनावट मालाचे प्रकारही सारखे नसतात. काही डबे हुबेहूब छापून घेतलेले असतात. काही व्यायामशाळांतून व भंगारवाल्यांकडून गोळा केलेले अस्सल रिकामे डबे असतात. त्यांत नवी पूड भरून तोंडावर नवे चंदेरी सील बसवले जाते. काहींत क्रिएटिन खरेच असते, परंतु निम्म्या वजनाचा भराव घातलेला असतो. मुदत संपलेल्या मालावर नवी तारीख चिकटवणे हाही एक प्रकार आहे. पुढे सांगितलेली कोणतीही एकच कसोटी या साऱ्या प्रकारांना पुरी पडत नाही, ती यामुळेच.

किमतीचा हिशेब

स्वस्त म्हणजे बनावट, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. क्रिएटिन हे मुळात फार महागडे रसायन नाही. जाहिरातींवर खर्च न करणारी एखादी छोटी कंपनी स्वतःच्या नावाने ते बऱ्याच कमी दरात प्रामाणिकपणे विकू शकते. संशय घ्यावा तो स्वस्त क्रिएटिनचा नव्हे, तर महाग नावाच्या स्वस्त डब्याचा.

वरील उदाहरणाचाच हिशेब मांडून पाहता येईल. ९०० रुपयांना २५० ग्रॅम म्हणजे ग्रॅमला ३ रुपये ६० पैसे. ३४९ रुपयांना तेवढेच वजन म्हणजे ग्रॅमला सुमारे १ रुपया ४० पैसे. बाहेरच्या विक्रेत्याला अस्सल डबा वितरकाकडून विकत घ्यावा लागतो. त्याला छापील दरापेक्षा अगदी ३० टक्के कमी भावाने माल मिळाला असे धरले, तरी एक डबा त्याला ६३० रुपयांना पडतो. त्यावर बाजारपेठेचे कमिशन, घरपोच पाठवणीचा खर्च आणि कर आहेतच. त्यांपोटी १२० रुपये धरल्यास त्याचा खर्च ७५० रुपयांवर जातो. तो डबा ३४९ रुपयांना विकणे म्हणजे प्रत्येक डब्यामागे ४०० रुपयांचा तोटा. कोणताही व्यापारी हा तोटा महिनोन् महिने सोसणार नाही. हे आकडे उदाहरणादाखल असले, तरी पद्धत कोणत्याही डब्याला लागू पडते : आधी कंपनीच्या संकेतस्थळावरील त्या दिवसाचा दर पाहावा, ग्रॅममागे दर काढावा आणि मग तुलना करावी.

मोठ्या सवलतीला काही रास्त कारणेही असू शकतात. कंपनी स्वतःच सणासुदीला दर उतरवते किंवा मुदत संपत आलेला माल काढून टाकते. पहिल्या प्रकारात ती सवलत कंपनीच्या संकेतस्थळावरही दिसते. दुसऱ्या प्रकारात डब्यावरील मुदतीची तारीख जवळची असते. ही दोन्ही कारणे नसतील आणि दर निम्म्याहून खाली असेल, तर सवलत कुठून येते याचे उत्तर डब्याच्या आतच शोधावे लागते.

लेबल काय सांगते?

डबा हाती आल्यावर तो उघडण्यापूर्वी लेबल बारकाईने वाचावे. त्यावरील साधी बेरीज-वजाबाकीही पुष्कळ काही सांगून जाते. २५० ग्रॅमच्या डब्यात ३ ग्रॅमची मात्रा असेल, तर मात्रांची संख्या ८३ असायला हवी. त्याऐवजी १०० किंवा ६० असे छापलेले असेल, तर ते लेबल दुसऱ्या वजनाच्या डब्यावरून उतरवले असण्याची शक्यता आहे. दुसरी खूण थोडी रासायनिक आहे. मोनोहायड्रेट म्हणजे क्रिएटिनच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचा एक रेणू. त्यामुळे त्यात शुद्ध क्रिएटिनचे प्रमाण सुमारे ८८ टक्केच असते. ३ ग्रॅम मोनोहायड्रेटमधून २.६४ ग्रॅम क्रिएटिन मिळते. पोषणतक्त्यात ‘क्रिएटिन मोनोहायड्रेट ३ ग्रॅम’ असे लिहिणे योग्यच आहे. पण ३ ग्रॅमच्या चमच्यातून ३ ग्रॅम किंवा त्याहून अधिक शुद्ध क्रिएटिन मिळण्याचा दावा गणिताने टिकत नाही.

यानंतर परवाना क्रमांक. भारतात अशी पावडर ‘आरोग्यपूरक अन्न’ या वर्गात मोडते आणि तिच्या डब्यावर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, म्हणजेच एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असणे बंधनकारक आहे. हा क्रमांक foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य तपासता येतो. क्रमांक खरा आहे एवढ्याने समाधान मानू नये. संकेतस्थळावर दिसणारे कंपनीचे नाव व पत्ता डब्यावरील उत्पादक, विक्रेता किंवा आयातदाराशी जुळतो का आणि परवाना चालू आहे का, हे पाहावे. परदेशी कंपनीच्या डब्यावर भारतीय आयातदाराचे नाव, पत्ता व त्याचा परवाना क्रमांक हवा. आयातदारांना केंद्रीय परवाना लागतो आणि त्याचा क्रमांक साधारणतः १०० या आकड्यांनी सुरू होतो. आयातदाराचा उल्लेखच नसलेला ‘थेट अमेरिकेहून आलेला’ डबा या कसोटीवर टिकत नाही. रुपयांतील कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन आणि ग्राहक तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक यांचा अभावही तितकाच सूचक असतो.

मात्र येथेही एक मर्यादा आहे. हुबेहूब नक्कल करणारा खरा परवाना क्रमांकही उतरवून घेतो. क्रमांक चुकीचा निघाला तर डबा संशयास्पद हे नक्की. बरोबर निघाला म्हणून डबा अस्सल, असे सिद्ध होत नाही.

म्हणून अनेक कंपन्या झाकणावर किंवा सीलखाली खरवडून पाहण्याचा सांकेतिक क्रमांक देतात. तो वापरताना एक काळजी घ्यावी. डब्यावरील क्यूआर चौकोन मोबाइलने वाचून उघडणारे पान कंपनीचेच असेल असे नाही. बनावट डब्यावरील चौकोन बनावट पानाकडेच नेतो आणि तेथे ‘अभिनंदन, आपला डबा अस्सल आहे’ असा संदेश हमखास दिसतो. कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून तेथे क्रमांक भरणे अधिक सुरक्षित. ‘हा क्रमांक आधीच तपासला गेला आहे’ असे उत्तर आले, तर एकच अस्सल क्रमांक अनेक डब्यांवर छापला गेला असावा किंवा जुना डबा पुन्हा भरला गेला असावा.

पाण्याच्या ग्लासातील कसोटी

डब्यातील पूड तपासण्यासाठी घरातला वजनकाटा आणि दोन ग्लास पाणी पुरते. क्रिएटिन मोनोहायड्रेट थंड पाण्यात फारच कमी विरघळते. २० अंश सेल्सियस तापमानाच्या लिटरभर पाण्यात ते सुमारे १४ ग्रॅम, तर ६० अंशांच्या पाण्यात सुमारे ४५ ग्रॅम विरघळते. या गुणावर पुढील दोन टप्प्यांची कसोटी आधारलेली आहे.

पहिल्या ग्लासात खोलीच्या तापमानाचे १०० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात ५ ग्रॅम पूड टाकावी, मिनिटभर ढवळावे आणि दहा मिनिटे ठेवून द्यावे. एवढ्या पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम क्रिएटिन विरघळते. उरलेले तळाशी बारीक वाळूसारखे बसायला हवे. सारी पूड क्षणात विरघळून पाणी नितळ झाले आणि चवीला गोडसर लागले, तर ते मोनोहायड्रेट नव्हे. माल्टोडेक्स्ट्रिन किंवा साखर असण्याची शक्यता अधिक. ‘पाण्यात पटकन विरघळते’ ही ज्या पावडरीची खूबी म्हणून सांगितली जाते, तिच्या बाबतीत तीच धोक्याची खूण ठरू शकते. बारीक दळलेले, ‘मायक्रोनाइज्ड’ म्हणून विकले जाणारे क्रिएटिन अधिक वेळ तरंगत राहते. पण विरघळण्याची मर्यादा त्यालाही तीच आहे. क्रिएटिन हायड्रोक्लोराइड हा वेगळा प्रकार मात्र पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे डब्यावर कोणता प्रकार लिहिला आहे हे आधी पाहावे.

दुसऱ्या ग्लासात चांगले गरम, पण न उकळणारे २५० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात तेवढीच ५ ग्रॅम पूड ढवळावी. ६० अंशांच्या या पाण्याची क्षमता ११ ग्रॅमच्या आसपास असल्याने अस्सल क्रिएटिन पूर्ण विरघळून पाणी नितळ व्हायला हवे. गाळ उरला, पाणी दुधाळ राहिले किंवा खळीसारखे दाट झाले, तर पीठ, स्टार्च किंवा खडूसारखा न विरघळणारा पदार्थ मिसळलेला असावा. गार झालेल्या या पाण्यात जखमेवर लावण्याच्या पोव्हिडोन आयोडीनचा एक थेंब टाकल्यावर ते निळे-काळे झाले, तर स्टार्चची खात्री पटते. माल्टोडेक्स्ट्रिन मात्र या आयोडीनच्या थेंबाने स्पष्ट ओळखू येत नाही.

या कसोटीने कोणता माल पकडला जात नाही, हे ठाऊक असणेही तितकेच आवश्यक आहे. निम्मे क्रिएटिन आणि निम्मे माल्टोडेक्स्ट्रिन असलेली पूड घेतली, तर ५ ग्रॅममध्ये अडीच ग्रॅम क्रिएटिन येते. थंड पाण्यात त्यातील दीड ग्रॅम विरघळते आणि उरलेले तळाशी बसते. गरम पाण्यात सारेच विरघळते. म्हणजे अर्धी भेसळ असलेला डबा दोन्ही ग्लासांत ‘उत्तीर्ण’ होतो. तळाचा गाळ अपेक्षेपेक्षा कमी दिसतो इतकेच. पण नजरेने ते ठरवणे कठीण. पाण्याची कसोटी ढोबळ फसवणूक पकडते, चलाख फसवणूक नव्हे.

प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना

नेमके उत्तर प्रयोगशाळाच देऊ शकते. त्यासाठी ‘एचपीएलसी’ या पद्धतीने क्रिएटिनचे प्रमाण मोजले जाते. केवळ नायट्रोजन मोजणारी चाचणी येथे अपुरी ठरते. क्रिएटिनच्या वजनात जवळजवळ एक तृतीयांश नायट्रोजन असतो हे खरे. पण नायट्रोजन युरियासारख्या इतर स्वस्त पदार्थांतूनही येतो आणि ही चाचणी त्यांत भेद करत नाही. चांगल्या अहवालात क्रिएटिनच्या प्रमाणासोबत क्रिएटिनिन, डायसायनडायामाइड यांसारखी उत्पादनप्रक्रियेतील अवशिष्ट द्रव्ये आणि शिसे, आर्सेनिक आदी जड धातू यांचीही नोंद असते.

अनेक विक्रेते असे अहवाल पानावर झळकवतात. ते पाहताना अहवालातील बॅच क्रमांक आणि हातातील डब्याचा बॅच क्रमांक एकच आहे का, एवढे तपासले तरी पुरे. तीन वर्षांपूर्वीच्या एका बॅचचा अहवाल आजच्या डब्याबद्दल काहीही सांगत नाही. जर्मनीतील अल्झकेम कंपनीचे ‘क्रिएप्युअर’ क्रिएटिन वापरल्याचा दावा असेल, तर ते नाव वापरण्याची परवानगी असलेल्या कंपन्यांची यादी क्रिएप्युअरच्या संकेतस्थळावर पाहता येते. स्पर्धांत उतरणाऱ्या खेळाडूंनी ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’सारख्या बॅचनिहाय प्रमाणपत्राचा आग्रह धरणे हिताचे. क्रिएटिनवर बंदी नाही. परंतु बनावट पुडीतून बंदी असलेले द्रव्य पोटात गेले, तरी उत्तेजक चाचणीत जबाबदारी खेळाडूवरच येते. मधुमेहींच्या दृष्टीनेही प्रश्न गंभीर आहे. साखर नसलेली म्हणून रोज घेतली जाणारी पूड प्रत्यक्षात शर्कराच असू शकते.

संशय आल्यास

डबा संशयास्पद वाटल्यास तो वापरणे थांबवावे, परंतु फेकू नये. खोके, सील, लेबल आणि बॅच क्रमांक यांची छायाचित्रे काढावीत. बिल आणि त्यावरील विक्रेत्याचे नाव जपून ठेवावे. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार बाजारपेठेने विक्रेत्याचे नाव व पत्ता उपलब्ध करून देणे आवश्यक आहे. ही छायाचित्रे मूळ कंपनीला पाठवून बॅच क्रमांक तिचाच आहे का, असे लेखी विचारावे. कंपनीचे ‘नाही’ हे उत्तर हा सर्वांत भक्कम पुरावा असतो. त्यानंतर बाजारपेठेकडे पैसे परत मागताना केवळ ‘आवडले नाही’ असे कारण न देता ‘बनावट माल’ असेच नोंदवावे. अन्यथा तो डबा पुन्हा विक्रीच्या फळीवर जाण्याची शक्यता राहते.

पैसे परत न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर, तर मालाविषयीची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या विनाशुल्क क्रमांकावर करता येते. अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेण्याचा हक्क आहे. मात्र तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला कळवावा लागतो. ऑनलाइन खरेदीत ही अट पाळणे अवघड असल्याने, बहुतेक ग्राहकांसाठी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करणे हाच अधिक व्यवहार्य मार्ग ठरतो. न उघडलेला, सीलबंद दुसरा डबा हाती असल्यास तोही तसाच ठेवावा. उघडलेल्या डब्यात ग्राहकानेच काही मिसळले, असा बचाव विक्रेता करू शकतो. सीलबंद डब्याच्या बाबतीत त्याला ती संधी मिळत नाही.